सायकलच्या दुकानाला ३१ वर्षं झाली, यंदाचा मजकूर तुमच्याबद्दल

नमस्कार.

दरवर्षी या दिवशी आम्ही भिंतीवर जो मजकूर लावतो, तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आता पाठ झाला असेल. बाबांनी तो दुकानाच्या दहाव्या वर्षी लिहिला आणि पुढे दरवर्षी त्याला एकेक परिच्छेद चिकटत गेला. पहिला काउंटर कुठून आणला, पाटी कितीदा रंगवली, शटर कधी बसलं, कॉम्प्रेसर कधी आला, सगळं त्यात होतं. अगदी तळाला एक ओळ असायची, 'सर्व ग्राहकांचे मनःपूर्वक आभार'.

गेल्या वर्षी मागच्या चाकाचा आउट काढून घ्यायला आलेले एक काका उभ्या उभ्या तो कागद वरपासून खालपर्यंत वाचत होते. चाक स्टँडवर फिरत होतं, मी स्पोकची निपलं पाव-पाव फेरा आवळत होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "ताई, मी सव्वीस वर्षं इथे येतोय. यात मी कुठे आहे?"

शेवटच्या ओळीत आहात, असं म्हणता आलं असतं. पण जीभ रेटली नाही. शटर आणि कॉम्प्रेसरला अख्खे परिच्छेद आणि सव्वीस वर्षांच्या माणसाला 'सर्व' या शब्दातला एक कोपरा, हे मला त्या क्षणी फार लागलं. काका गेल्यावर तो कागद मी भिंतीवरून उतरवला. यंदाचा मजकूर बाबा आणि मी मिळून नव्याने लिहिला आहे.

तर दुकानाचा इतिहास आधी सांगून टाकते. ३१ वर्षांपूर्वी बाबांनी एक हातपंप, पान्यांचा एक संच आणि पाण्याचं घमेलं घेऊन पंक्चर काढायला सुरुवात केली. अकराव्या वर्षी शेजारचा गाळा मिळाला आणि नव्या सायकली विकायला ठेवल्या. गेली ९ वर्षं दुकान मी बघते, बाबा रोज सकाळी येऊन चाकं बांधतात. इतिहास संपला.

आता तुमच्याविषयी. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून कोणाचंच नाव घातलेलं नाही. ज्याचं त्याला कळेलच.

टपाल वाटणारे काका, सुरुवात तुमच्यापासून, कारण दुकान तुमच्यामुळे टिकलं. पहिल्याच वर्षी बाबांनी तुमच्या सायकलला नवी पेडलं बसवताना उजवं पेडल डाव्या क्रँकमध्ये जोर करून फिरवलं. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, पाय मारता मारता ते सैल होऊन निघू नये म्हणून. बाबांना हे माहीत होतं, पण दारात चार सायकली उभ्या होत्या आणि हात घाईत होता. क्रँकचा आटा गेला. तुमच्या दोन्ही पिशव्या टपालाने भरलेल्या होत्या. बाबा सांगतात, तुम्ही एक शब्द वाकडा बोलला नाहीत. पिशव्या दुकानातल्या बाकावर ठेवल्यात, एवढंच म्हणालात, "क्रँक घेऊन या, मी पिशव्यांपाशी बसतो." दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात ते तुमच्या कचेरीतल्या तिघांना घेऊन, आणि त्या तिघांच्याही सायकली दुरुस्तीला लावल्यात. ज्याच्या हातून काल तुमचं नुकसान झालं, त्याच्याकडे आज आणखी तीन सायकली आणायच्या, याला किती मोठं मन लागतं हे मला दुकानात बसायला लागल्यावर कळलं. आजही नवी पेडलं बसवताना बाबा आधी दोन्ही हातांत धरून त्यांवरचं अक्षर बघतात आणि आट्याची पहिली तीन वेटोळी बोटांनीच फिरवतात. पान्याची पाळी त्यानंतर. नव्या मुलांनाही पहिला धडा हाच दिला जातो आणि त्याला दुकानात 'टपालकाकांचा नियम' म्हणतात.

रात्रपाळीच्या सिस्टर, तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते तर आम्ही रोज वापरतो. तुमचं पुढचं चाक एका आठवड्यात तीनदा बसलं होतं. तिन्ही वेळा पॅच नीट होता. ट्यूब पाण्यात धरली की एकही बुडबुडा नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा त्याच बाजूला बारीक भोक. म्हणजे टायरमध्ये काहीतरी अडकलेलं होतं. मी आतून बोट फिरवून पाहिलं, टायर उलटा करून उजेडात पाहिला, काही सापडलं नाही. तुम्ही सकाळी ड्यूटी संपवून आला होतात, डोळे झोपेने जड झाले होते. मी चौथ्यांदा टायरात बोट घालणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "बोट नको, कापेल. थांबा." पर्समधून कापसाचा बोळा काढलात आणि तो टायरच्या आतून हलकेच फिरवायला लावलात. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे वायरचा केसाएवढा तुकडा रुतलेला होता. वजन पडलं की तो आत यायचा आणि एरवी रबरात दडून बसायचा. चिमट्याने ओढला तेव्हा कुठे दिसला.

त्या दिवसापासून आमच्या पंक्चरच्या डब्यात सोल्युशन, पॅच आणि कानस यांच्या जोडीला कापूस असतो. पुन्हा पुन्हा बसणारं चाक आलं की पॅच लावायच्या आधी टायरमधून बोळा फिरतो. यामुळे किती जणांची दुसरी खेप वाचली असेल त्याची गणती आम्ही ठेवलेली नाही. सिस्टर, ते श्रेय पूर्ण तुमचं आहे आणि ते लिहायला आम्ही फार उशीर केला.

भूमितीच्या सरांनी चेन मोजायला शिकवलं. आधी आम्ही चेन बोटाने उचलून पाहायचो आणि अंदाजाने 'बदला' किंवा 'चालेल' सांगायचो. सरांना अंदाज मंजूर नव्हता. त्यांनी खिशातली फूटपट्टी चेनवर धरली आणि दाखवलं की नव्या चेनच्या एका पिनच्या मध्यापासून चोविसावी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर येते. झिजली की ती पुढे सरकते. इंचाचा १६ वा भाग सरकली तर चेन बदलायची. ८ वा भाग सरकेपर्यंत थांबलात तर बहुधा फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात आणि खर्च वाढतो. आता फूटपट्टी आम्ही तुमच्या हातात देतो. तुम्ही स्वतः मोजा, मगच बदलायचं की नाही ते ठरवा. चेन चांगली असली तर तशीच घेऊन जा. 'हे दुकान उगाच सामान बदलत नाही' असं तुम्ही चारचौघांत सांगता, त्याच्या मुळाशी सरांची ती पट्टी आहे.

हिरव्या सायकलवाल्या काकू, तुम्ही त्या संध्याकाळी रागावून परत आलात ते योग्यच होतं. ब्रेकची रबरं नवी होती, पण डावीकडचं रबर रिमऐवजी टायरला घासत होतं, आणि आम्ही सायकल न चालवताच तुमच्या हातात दिली होती. तुम्ही तक्रार करण्याऐवजी दुसरं दुकान धरलं असतंत तर आम्हाला ही चूक कधी कळलीच नसती. तेव्हापासून दुरुस्त झालेली प्रत्येक सायकल आमच्यातलं कोणीतरी गल्लीच्या टोकापर्यंत चालवून, दोन्ही ब्रेक दाबून मगच देतं. कधी गर्दीत तुम्हाला पाच मिनिटं जास्त थांबावं लागतं ते यासाठी.

आणि २०२० साल. तुमच्यातल्या कितीतरी जणांची नावं मला इथे लिहावीशी वाटतात. त्या वर्षी एकदम सगळ्यांना सायकल हवी झाली आणि सुटे भाग मिळेनात. फ्रीव्हील नाही, ट्यूब नाही, ब्रेकची केबल नाही. दुकान उघडलं तरी हात बांधलेले. तेव्हा तुम्ही माळ्यावरच्या, जिन्याखालच्या, गच्चीवर गंजत पडलेल्या सायकली आणून दिल्यात. 'यातलं जे चालेल ते काढा आणि ज्याला लागेल त्याला लावा,' एवढंच सांगून गेलात. एका आजोबांनी त्यांच्या दिवंगत भावाची सायकल आणली होती. दारात उभं राहून त्यांनी घंटी एकदा वाजवली, मग ती तेवढी काढून खिशात ठेवली आणि बाकी सगळी सायकल आमच्याकडे सोडली. तिचं मागचं चाक एका औषधं पोचवणाऱ्या मुलाच्या सायकलला बसलं आणि अजून चालू आहे. आजोबा, ते चाक मी स्वतः बांधलं आहे. दर सहा महिन्यांनी त्याच्या हबमध्ये ग्रीस भरते.

त्याच महिन्यांत दुकान बंद असताना काही जण आधीची बाकी घरी आणून देऊन गेले. आम्ही मागितली नव्हती. बाबा दार लावून घेऊन बराच वेळ बसून होते.

याशिवाय पंप वापरून नळी पुन्हा खिळ्याला अडकवून जाणारी शाळेतली मुलं, साठीत सायकल शिकून आता मैत्रिणींना शिकवायला आणणाऱ्या मावशी, दुसऱ्या गावाला राहायला गेल्यावरही ओव्हरहॉलिंगला सायकल टेम्पोत घालून इथेच आणणारं कुटुंब... तुमच्या प्रत्येकाच्या वाट्याला एक परिच्छेद यायला हवा. पाठीमागे वाट बघणाऱ्या सायकली आहेत म्हणून आत्ता एवढंच लिहिते.

पुढच्या वर्षापासून अशी पद्धत ठेवणार आहोत की दुकानाच्या इतिहासाला चार ओळींपेक्षा जास्त जागा नाही. उरलेली जागा तुमची. काउंटरवर हवेच्या मीटरशेजारी एक जाड वही ठेवली आहे. आम्ही विसरलो असू ते तिच्यात लिहा. तुम्ही आम्हाला काय शिकवलंत, कधी सांभाळून घेतलंत, कुठे आमचं चुकलं. लिहायचा कंटाळा असेल तर सांगा, मी लिहून घेईन. नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. ज्या काकांनी तो प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी वहीचं पहिलं पान कोरं ठेवलं आहे. काका, तुमचं चाक पुन्हा आउट झालं नसेल तरी या.

हा आठवडाभर दुकान नेहमीच्या वेळेत उघडं आहे, आणि बाबा रोज संध्याकाळीही बसणार आहेत, खास तुम्हाला भेटायला. जुना लांबलचक मजकूर कोणाला वाचायचा असेल तर तो घडी घालून वहीच्या शेवटच्या पानात ठेवला आहे.

आणि एक निरोप. दोन वर्षांपूर्वी लाल रंगाची, मागे छोटी चाकं असलेली मुलांची सायकल दुरुस्तीला देऊन गेलेले आई-बाबा, ती तयार आहे. मुलगी आता मोठी झाली असेल, म्हणून सीटचा दांडा लांब बसवला आहे आणि छोटी चाकं काढून पिशवीत ठेवली आहेत. हवा दर महिन्याला भरतो. तिला घेऊन या.

दुकानातल्या सगळ्यांकडून,
बाबा आणि मी