विषय: वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांबाबत – रेखा माने, स्टाफ नर्स

आदरणीय बिराजदार काका,

सप्रेम नमस्कार.

मी रेखा माने. परवा रविवारी दुपारी मैत्रिणीबरोबर तुमच्या जुळे सोलापुरातल्या खोल्या बघून गेले ती. तुम्ही घरी नव्हता, काकूंनी खोल्या दाखवल्या आणि चहाही पाजला. संध्याकाळी फोनवर तुम्ही म्हणालात, "सगळं नीट लिहून पाठव, पुण्याहून मुलगाही वाचेल." म्हणून हा मेल. दादांनाही माझा नमस्कार सांगा.

मी मूळची मंगळवेढ्याची. वय ३१. जीएनएम केलंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे आणि गेली सात वर्षं सोलापुरातच नोकरी करते. सध्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये आहे. हातात पगार २६ हजार येतो, सात तारखेच्या आत. तुमचं भाडं साडेसहा हजार. ते दर महिन्याच्या आठ तारखेला गुगल पे करीन. आताच्या घरात तीन वर्षं झाली, मालकांना एकदाही भाड्याची आठवण करून द्यावी लागलेली नाही. त्यांचा नंबर मी देते, तुम्ही खुशाल विचारा.

आता खरा मुद्दा. फोनवर "रात्रपाळी" म्हटल्यावर तुम्ही जरा थांबलात, ते मला कळलं. राग नाही आला. एकटी मुलगी रोज रात्री बाहेर म्हटलं की कोणीही थांबतं, आणि गल्लीत चार लोक विचारणारच. म्हणून माझा दिवस कसा जातो ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

माझी ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. दोन वर्षांपासून मी कायम नाईटच घेते, रविवारी रात्री सुट्टी. संध्याकाळी सव्वासातला स्कूटी काढते. सकाळी आठला पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायची, म्हणजे कोणाला किती सलाईन गेलं, लघवी किती झाली, पहाटे कोणाचं बीपी पडलं होतं, हे एकेका बेडजवळ उभं राहून सांगायचं. त्यात अर्धा तास जातो. नऊच्या सुमारास घरी. युनिफॉर्म तिथेच बदलते, हॉस्पिटलचे कपडे घालून घरात येत नाही. अंघोळ, दोन घास, आणि साडेनऊ-दहाला झोप. उठते तीनला. म्हणजे तुमच्या घरात सगळ्यांची वर्दळ असते तेव्हा वर मी झोपलेली, आणि तुम्ही झोपता तेव्हा वरचा मजला कुलूपबंद. रात्री डोक्यावर पावलं वाजणार नाहीत, टीव्ही नाही, मिक्सर नाही.

आताचं घर सोडण्याचं कारणही हेच. तळमजल्यावरच्या गाळ्यात जूनमध्ये पिठाची गिरणी आली. बरोबर माझ्या पलंगाखाली. साडेनवाला पट्टा सुरू झाला की फरशी थरथरते, ताटाळ्यातली ताटं वाजायला लागतात. गिरणीवाल्याशी माझं भांडण नाही, त्याचं पोट आहे ते, आणि दळणही मी त्याच्याकडूनच आणते. पण बारा तास व्हेंटिलेटरच्या पेशंटजवळ उभं राहायचं तर पाच तास सलग झोप लागते. झोप नसली की हातून चूक होते, आणि आमच्याकडे चूक परवडत नाही. तुमच्या मागच्या खोलीची खिडकी लिंबाच्या झाडाकडे आहे, रस्त्याकडे नाही. मी खोली पाहिली ती आधी त्या खिडकीसाठी. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात त्या झाडाची सावली म्हणजे चैनच. काचेला काळा कागद लावीन, पण साध्या चिकटपट्टीने, रंगाला धक्का न लावता.

गेटच्या किल्लीबद्दल मात्र विनंती आहे. चार वर्षांपूर्वी मी जिथे राहायचे तिथे दहाला गेट बंद व्हायचं आणि भाडेकरूला किल्ली नव्हती. एका रात्री ड्युटीवरच ताप भरला. सरांनी साडेअकराला घरी पाठवलं. गेटला कुलूप, फोन कोणी उचलेना. शेवटी परत हॉस्पिटलला जाऊन चेंजिंग रूममध्ये बाकावर झोपले. अशी वेळ वर्षातून एखाद्या वेळेस येते, पण येते. माझ्याकडे एक किल्ली असावी. अशा वेळी स्कूटी कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणीन, म्हणजे काकूंची झोप मोडणार नाही.

पाण्याचं काकूंनी सांगितलं. चार-पाच दिवसांआड येतं आणि वेळेचा भरवसा नाही, हे काही सोलापुरात नवीन नाही. मी झोपेत असताना नळ आला तर काकूंनी एक मिस कॉल द्यावा. त्यांचा नंबर सोडून बाकी फोन सायलेंट असतो. उठून मोटर लावीन, टाकी भरली की बंद करीन आणि मगच झोपेन. टाकी वाहू देणार नाही. एकटीला पाणी लागतं तरी किती!

येणं-जाणं फार नाही. आई दोन महिन्यांनी चार दिवस येते. भाऊ पाडव्यानंतर ज्वारीचं पोतं टाकायला येतो आणि जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मैत्रिणी रविवारीच, त्याही नर्सच, त्यामुळे येऊन बहुतेक झोपतातच. मी अंडी खाते, मटण गावी गेल्यावर. घरात चालत नसेल तर अंडीही करणार नाही, तेवढं आधी सांगा.

आणखी एक, कारण सिस्टर राहायला आली की हे होतंच. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बीपी, साखर मी आनंदाने बघून देईन. काकूंना गुडघ्याचा त्रास आहे, दवाखान्यात सोबत लागली तर तीननंतर केव्हाही येईन. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घरी इंजेक्शन किंवा सलाईन कोणालाही देणार नाही, अगदी तुम्ही शब्द टाकलात तरी. त्यावरून पुढे कोणाचं मन दुखायला नको, म्हणून आत्ताच लिहिते.

करार ११ महिन्यांचा, पण काका, नुसती नोटरी नको, ऑनलाइन नोंदणीच करू. तुम्ही शंभराच्या स्टँपचं म्हणालात, पण नोंदणी करणं कायद्याने घरमालकावर आहे, आणि ती नसताना वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. म्हणजे त्यात अडचण तुमचीच. अंगठे घ्यायला माणूस घरी येतो. खर्च निम्मा-निम्मा. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायची तीही त्याच दिवशी उरकू. आधार, हॉस्पिटलचं ओळखपत्र, कौन्सिलच्या नोंदणीची प्रत आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा सोबत जोडल्या आहेत.

डिपॉझिट तुम्ही ३० हजार म्हणालात. एकदम २० देऊ शकते, उरलेले दहा पुढच्या दोन पगारांत. हे जमणार असेल तर एक तारखेपासून यायची तयारी आहे. बाथरूमच्या दाराची आतली कडी निखळली आहे, तेवढी त्याआधी बसवून घ्या.

फोन दुपारी तीननंतर करावा. दादांना काही विचारायचं असेल तर रात्री दोननंतर मेल टाकला तरी चालेल, चार्ट लिहून झाले की मी बघते.

आपली,
रेखा माने