पालकसभेतलं गुरुजींचं भाषण

सलाम आणि नमस्कार. सोलापूरच्या कारखान्यातली पाळी बुडवून काहीजण आलात, म्हणून थोडक्यात बोलतो.

कुरआनच्या पहिल्या अवतरलेल्या आयतींत हुकूम आहे वाचण्याचा, आणि लगेच कलमेचा उल्लेख. ‘रब्बी ज़िदनी इल्मा’, माझं ज्ञान वाढव, ही दुआ तुम्ही मुलांना शिकवताच. पैसा वाढव असं तिथं म्हटलेलं नाही!

बद्रच्या लढाईनंतरची गोष्ट मला फार आवडते. इ. स. 624. खंडणी भरायला पैसे नसलेल्या, पण लिहिता येणाऱ्या कैद्यांना सांगितलं गेलं: मदिनेतल्या मुलांना लिहायला शिकवा, सुटका होईल. म्हणजे कालचा शत्रूही गुरुजी चालला.

‘हे फक्त दीनी इल्मबद्दल,’ असं कुणी म्हणेल. पण ते कैदी तर मुसलमानही नव्हते, त्यांनी अक्षरंच शिकवली.

आणि मुली? हजरत आयेशांकडून मोठमोठे सहाबी मसले विचारून घ्यायचे. आपल्या पुण्यात फातिमा शेख सावित्रीबाईंसोबत शिकवायच्या. आठवीनंतर पोरीला विड्या वळायला बसवताना हे आठवा.

नववीचे फॉर्म माझ्याकडे आहेत. मुलींना एसटीचा पास मोफत आहे. आधार कार्ड घेऊन सोमवारी या.