ग्लास उचलण्याआधी

जरा ऐका. ग्लास खाली ठेवा. उचलायचेच आहेत, पण मी सांगितल्यावर. बघा, सतरा दिवस झाले तरी माझी हुकूम सोडायची सवय काही गेली नाही.

उद्या पहाटे साडेपाचला पहिली गाडी निघेल आणि दुपारपर्यंत आपण अकरा जण चार दिशांना पांगलेले असू. म्हणून जे बोलायचंय ते आत्ताच बोलते. कागदावर लिहून आणलंय. हो, तक्ता नाहीये. खजिनदार, हसू नकोस.

तक्त्यापासूनच सुरुवात करते. ही सहल ठरली तेव्हा मी एक तक्ता केला होता. सतरा दिवस, प्रत्येक दिवसाचे सकाळ-दुपार-संध्याकाळ असे तीन रकाने, मुक्कामाची उंची वेगळ्या रंगात. मला त्याचा फार अभिमान होता. त्या तक्त्यात चौतीसशे मीटरवर दोन रात्री होत्या. तिथे एक अख्खा दिवस काहीही न करता बसायचं, शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यायची. निघायच्या आठ दिवस आधी मला कुठेतरी त्या वरच्या तळ्याचा फोटो दिसला आणि मी ती एक रात्र उडवली. तुम्हाला विचारलं नाही. ग्रुपवर 'थोडा बदल केलाय' एवढंच टाकलं आणि तुम्ही अकरा अंगठे... दहा अंगठे पाठवलेत. उघडून कोणी पाहिलं नाही, हा तुमचा दोष. काय उडवतेय हे मला माहीत होतं, हा माझा.

तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हे मी स्वतः वाचलं होतं. तुम्हाला पाठवलंही होतं. आणि तरी चौतीसशेवरून एका दिवसात आपल्याला बेचाळीसशेवर नेऊन झोपवायचा बेत केला. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम 60 टक्के. म्हणजे दर श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. संध्याकाळी सगळ्यांचीच डोकी ठणकत होती. मी म्हणाले, पाणी प्या.

आता बुवाबद्दल. आपल्या अकरा जणांत कोणाला काही होणार नाही अशी पैज लावायची असती, तर सगळ्यांनी बुवावर लावली असती. रोज पहाटे दहा किलोमीटर पळणारा माणूस. पण ही उंची तुम्ही किती पळता ते विचारत नाही, किती घाईने वर आलात एवढंच बघते. उलट तब्येतीचा भरवसा असलेला माणूस डोकेदुखी जास्त लपवतो. बुवा, तू दुपारपासून लपवत होतास. तीन वेळा मागच्या बाजूला जाऊन उलटी करून आलास आणि आम्हाला सांगितलंस की फोटो काढायला गेलो होतो.

हे कोणाच्या लक्षात आलं? माझ्या नाही. मी दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांच्या वेळा बघत होते. वहिनींनाही त्याने थापच मारली होती. लक्षात आलं मौनीच्या.

मौनी, तोंड लपवू नकोस, आज तुला ऐकावंच लागणार आहे. या बाईने पहिल्या पाच दिवसांत मिळून पन्नास वाक्यं उच्चारली असतील. तिला दिसलं की बुवा दहा मिनिटं एकाच बुटाची नाडी बांधतोय. नऊ वाजता ती उठली, त्याला बाहेरच्या पडवीत घेऊन गेली आणि म्हणाली, या फरशीच्या रेघेवरून चाल, टाचेला चवडा लावत. आम्ही हसलो. आम्हाला वाटलं खेळ चाललाय. चौथ्या पावलाला बुवा डावीकडे कलंडला. तिने परत चालवलं. परत कलंडला. तेव्हा कोणी हसलं नाही.

माणूस उंचीवर असा झोकांड्या खायला लागला की सूज मेंदूपर्यंत पोचलेली असू शकते आणि त्यावर थांबून बघण्याचा इलाज नसतो, खाली उतरायचं असतं, हे मला नंतर कळलं. मौनीला आधीच माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "आत्ता. खाली. उजाडेपर्यंत नाही."

आणि मग आपण भांडलो.

त्या भांडणावर मी पांघरूण घालणार नाही. रात्रीचा रस्ता, घाटातली वळणं, दोनच गाड्या, पुढच्या चार रात्रींचे भरलेले पैसे. प्रत्येकाकडे मुद्दा होता आणि आवाज त्याहून मोठा होता. वीस वर्षांपूर्वीची उणीदुणी निघाली. कोण कोणाच्या लग्नाला आलं नव्हतं तेसुद्धा निघालं, त्याचा बेचाळीसशे मीटरशी काय संबंध ते देव जाणे. आणि त्या सगळ्यात मी एक वाक्य बोलले. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, तरी आज परत म्हणते. मी म्हणाले, "एका माणसासाठी दहा जणांची सुट्टी घालवायची का?"

तो एक माणूस त्याच खोलीत कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसला होता.

मौनीने मला उत्तरही दिलं नाही. ती सरळ गाडी काढायला सांगायला गेली. ड्रायव्हरदादा जेवण अर्धं टाकून उठले, मुक्कामाच्या मालकांनी त्यांच्याकडचा एकुलता एक ऑक्सिजनचा सिलिंडर मागच्या सीटवर ठेवून दिला. दोघंही आज इथे नाहीत, पण आजचा हा ग्लास त्यांच्याही नावाचा आहे. वहिनी, बुवा, मौनी निघाले. मीही गाडीत चढले, आणि खरं कारण सांगते: मला त्या खोलीत तुमच्यासमोर उभं राहवत नव्हतं.

तीन तास. तेराशे मीटर उतरलो. वहिनींनी बुवाचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि त्याला झोप लागू नये म्हणून त्या पाढे म्हणायला लावत होत्या. एकोणिसाचा पाढा त्याला येईना. वहिनी रडायला लागल्या. मौनी पुढच्या सीटवरून म्हणाली, "मलाही येत नाही." त्या रात्री गाडीत आम्ही एकदाच हसलो, ते तेव्हा.

खालच्या दवाखान्यात रात्रभर ऑक्सिजन दिला, इंजेक्शनं दिली. पहाटे पाचला बुवाने डोळे उघडून विचारलं की त्याचे बूट कुठेत. नाडी त्याने स्वतः बांधली. एका झटक्यात. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

आणि साडेसहाला दुसरी गाडी आली.

वर फोनला रेंज नव्हती. आम्ही कोणाला बोलावलं नव्हतं, बुवा बरा आहे हेसुद्धा कळवता आलं नव्हतं. आम्ही गेल्यावर तुम्ही सात जणांनी काय ठरवलं, कोण काय बोललं, ते मी आजवर विचारलेलं नाही. मला एवढंच दिसलं की गाडीचं दार उघडलं आणि सात जण उतरले, अकरा जणांचं सामान घेऊन. रात्री ज्याने सगळ्यात मोठ्याने 'मी परत फिरणार नाही' म्हटलं होतं, त्याच्या पाठीवर बुवाची सॅक होती. नाव घेत नाही. तो आत्ता छताकडे बघतोय. आणि आपल्या धाकट्याने, चौदा वर्षांच्या पोराने, माझ्या उशाशी राहिलेला चार्जर आणून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मावशी, झोपलीस का जरा?"

त्यानंतरचे दिवस तुम्हाला माहीतच आहेत. डॉक्टरांनी बुवाला परत वर जायला सक्त मनाई केली आणि आपण सगळेच त्या खालच्या गावात पाच दिवस बसून राहिलो. तक्त्यात त्या गावाचं नावसुद्धा नव्हतं. खिंड राहिली, तळं राहिलं. त्याऐवजी काय मिळालं? धाकट्याने आपल्याला पत्त्यांत फसवायला शिकवलं. जोडगोळी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर उठली, कारण उठून कुठे जायचंच नव्हतं. नदीच्या दगडांवर बसून आपण ती वीस वर्षांची उणीदुणी पुन्हा काढली, या वेळी हळू आवाजात, आणि त्यातली दोन-तीन खरंच मिटली. लग्नाचं मिटलं नाही. ते पुढच्या सहलीला ठेवलंय.

खजिनदाराने काल रात्री हिशेबाची वही बंद केली. मी चाळली. सहाव्या दिवसाच्या पानावर गाडी, डिझेल, औषधं आणि त्याखाली 'भांडण: खर्च नाही' अशी नोंद आहे. वही मी ठेवून घेणार आहे, मागू नकोस.

तर आभार. ड्रायव्हिंगचे, औषधांचे, सामान उचलल्याचे आभार मी त्या-त्या वेळी मानलेत. आज वेगळ्याच गोष्टीचे मानायचेत. त्या रात्रीनंतर अकरा दिवस गेले. अकरा दिवसांत तुमच्यापैकी एकानेही मला 'आम्ही म्हणत होतो' असं म्हटलं नाही. थट्टेतही नाही. ते वाक्य तुमच्या प्रत्येकाच्या हक्काचं होतं. मी रोज वाट बघत होते, कधी कोण म्हणतंय. सकाळी उठले की पहिला विचार तोच. आणि रोज तुम्ही मला विचारत होतात, आज काय करायचं गं? जसं काही माझ्यावर अजून कोणी विसंबणार होतं.

बुवाला मी तिसऱ्या दिवशी नदीवर गाठलं. म्हटलं, मी ते दहा जणांच्या सुट्टीचं बोलले, तू ऐकलंस ना? तो म्हणाला, "ऐकलं. पण हिशेब चुकला तुझा. नऊ जणांची. तू कुठे सुट्टीवर होतीस, तू तर कामावर होतीस." आणि पाण्यात दगड भिरकावत बसला. एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही, त्याची गरजच ठेवली नाही त्याने.

बुवा, ऊठ. नाही, भाषण करायचं नाहीये. या टेबलापासून त्या दारापर्यंत फरशीची रेघ आहे. चाल. टाचेला चवडा लावून.

बघा. बघा! सरळ.

आता उचला ग्लास, ज्याच्या ग्लासात जे असेल ते. मौनी, हा तुझ्यासाठी. आणि आज तरी दोन शब्द बोल, आम्ही थांबतो.