अकरा ते एक एवढंच ठरवा

मुलांनो, काल रात्रीपासूनचे तुमचे सगळे मेसेज वाचले. प्रिलिमचे पेपर हातात आलेत, दहावीच्या बोर्डाला चार आठवडे उरलेत, आणि त्यातच एकाने पहाटे चार ते रात्री अकराचं रंगीत टाईमटेबल टाकल्यावर बाकीच्यांच्या पोटात गोळा आलाय. ते टाईमटेबल मी नीट पाहिलं. जेवायला वीस मिनिटं दिलीत, अंघोळीला जागाच नाही. असले कागद दोन-तीन दिवस चालतात. मग एक रकाना चुकतो, त्याच्यामुळे पुढचे चार चुकतात, आणि "आता सोमवारपासून नीट" म्हणत नवा कागद आणि नवी स्केचपेनं निघतात. आखण्यात जी संध्याकाळ जाते तिचा अभ्यासात कुठेच हिशेब नसतो.

त्यामुळे मी पूर्ण टाईमटेबल देणार नाही. दिवसातले दोनच तास पक्के करा, सकाळी अकरा ते एक. बाकी दिवसाला मोकळं सोडा.

अकराच का, तर बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन्ही भाग, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल हे सगळे 40 गुणांचे आणि दोन तासांचे, म्हणजे साधारण अकरा ते एक. सुट्टी लागली की तुमच्यातले बरेच जण रात्री दोनपर्यंत जागतात आणि सकाळी अकराला दात घासत असतात. मग पेपरच्या दिवशी नेमक्या त्या वेळेला डोकं झोपेत असतं. चार आठवडे रोज त्या वेळेला हातात पेन असेल तर ती सवय आपोआप लागते, वेगळं काही करावं लागत नाही.

आता त्या दोन तासांत काय करायचं. अकरा ते बारा पुस्तक बंद. गाईड बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. दुसरी खोली नसेल तर आईकडे द्या. एक पाठ निवडा आणि त्यावरचे प्रश्न कोऱ्या पानावर लिहून सोडवा. गणिताला पुस्तकातला संकीर्ण प्रश्नसंग्रह घ्या, विज्ञानाला पाठामागचा स्वाध्याय किंवा बोर्डाची जुनी प्रश्नपत्रिका. अडलं तर तिथे जागा सोडून पुढे जा, पण पुस्तक उघडू नका. बारा ते एक लाल पेन घेऊन स्वतःच तपासा. जे आलं नाही, अर्धं आलं, किंवा आलं पण पायरी गाळली, ते पानाच्या मागे एकाखाली एक लिहून काढा.

ही मागची यादी म्हणजे तुमचा संध्याकाळचा अभ्यास. तेवढाच करायचा, त्याच्या बाहेरचा नाही.

एक उदाहरण देते, म्हणजे नुसतं वाचणं आणि लिहिणं यातला फरक कळेल. गुरुत्वाकर्षणाचा पाठ तुम्ही सगळ्यांनी चार-पाचदा वाचलाय. पुस्तक समोर असताना मुक्तिवेगाचं सूत्र पाहून "हे येतंय" म्हणून पान उलटता. बंद पुस्तकात लिहायला लावलं की √(2GM/R) मधला 2 गायब होतो, नाहीतर R च्या जागी h येतो. भिंगांच्या पाठात 1/v − 1/u = 1/f सगळ्यांना पाठ असतं, पण उदाहरणात u ऋण घ्यायचा राहतो आणि प्रतिमा भलत्याच बाजूला जाते. बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीत Dx काढताना कुठला स्तंभ बदलायचा इथे गडबड होते. सोडवलेलं उदाहरण वाचताना यातलं काहीही खटकत नाही. तुमचे प्रिलिमचे पेपर तपासताना मी जे मार्क कापले, ते जास्त करून असल्याच जागांवर कापलेत. पाठ अजिबात येत नाही म्हणून कापलेले त्यामानाने कमी आहेत.

मग त्या दिवशी संध्याकाळी अख्खा गुरुत्वाकर्षण पुन्हा वाचायचा नाही. मुक्तिवेगाची मांडणी दोनदा लिहायची, चिन्ह संकेतांची एक आकृती काढायची आणि झोपायचं. अभ्यास कमी वाटेल, मला माहीत आहे. पण केलेला पाठ पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचण्यात जो वेळ जातो तो इथे वाचतो.

ज्या मुलीने "बीजगणितात 40 पैकी 11, आता काय करू" असं विचारलंय तिला वेगळं सांगते. बाळ, गणित हा एकच विषय धरतात. बीजगणिताचे 40, भूमितीचे 40, अंतर्गतचे 20, असे मिळून 100 आणि पासला 35. एका पेपरवरून आख्ख्या विषयाचा निकाल लावू नकोस. तुझ्या अकरा-एकसाठी पहिला आठवडा फक्त रेषीय समीकरणं आणि अंकगणिती श्रेढी घे. वर्गसमीकरणं दुसऱ्या आठवड्यात. आणि उत्तर चुकलं तरी पायऱ्या लिहायची सवय ठेव. पायऱ्यांना मार्क असतात, कोऱ्या जागेला नसतात.

विज्ञानात तिसरा प्रश्न 15 गुणांचा असतो, आठपैकी पाच सोडवायचे. तिथे खूप जण तीन छान लिहितात आणि उरलेले दोन घाईत उरकतात. आठवड्यातून एकदा अकराला नुसता हा प्रश्न घड्याळ लावून लिहून पाहा.

मराठीचा पेपर तीन तासांचा असतो, तो एका रविवारी अकरा ते दोन पूर्ण सोडवा. एकदाच पुरे. हात किती दुखतो आणि निबंधाला शेवटी किती वेळ उरतो, एवढं कळलं की झालं.

आता तुमच्या अडचणी. शाळेत जादा तास चालू आहेत तोवर अकराला घरी नसाल. त्या दिवसांत हे फक्त रविवारी करा, आणि सुट्टी लागली की रोज. कुणाच्या घरी अकराला लाईट नसते, तर दिवसा उजेड असतो, दारात बसा. एकाने लिहिलंय की सकाळी जनावरांचं बघावं लागतं. ते आटपून साडेअकराला बसलास तरी चालेल, एक वाजता मात्र उठायचं. ज्या दिवशी पाहुणे येतील किंवा ताप असेल त्या दिवशी दोनच प्रश्न लिहा. आणि बुडालेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही! चार तास बसायला जाल आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही सुटेल.

पालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. अकरा ते एक पोराला दुकानात पाठवू नका. एकनंतर खुशाल पाठवा.

उद्या सगळ्यांनी बीजगणित, रेषीय समीकरणं, संकीर्ण प्रश्नसंग्रहातली कुठलीही सहा उदाहरणं. दुपारी मला त्या पानाच्या मागच्या यादीचा फोटो पाठवा. ज्या गोष्टी बऱ्याच जणांच्या यादीत दिसतील त्या मी रात्री आठला फळ्यावर सोडवून टाकते. टाईमटेबलचे फोटो आता नकोत.