प्रथम वर्ष बी.एस्सी. प्रवेश २०२६-२७ : दाखवायच्या मूळ प्रती आणि जमा करायच्या झेरॉक्स प्रती

गुणवत्ता यादीत नाव लागलेल्या विद्यार्थ्यांनी प्रवेश निश्चित करायला येताना दोन वेगळे फोल्डर आणावेत. पहिल्यात फक्त मूळ कागदपत्रे असावीत, ती तपासून तिथेच परत दिली जातील. दुसऱ्यात जमा करायच्या झेरॉक्स प्रती असाव्यात. दोन्ही फोल्डरमधला क्रम एकच ठेवावा, कारण पडताळणी करणारे लिपिक डाव्या हाताला मूळ प्रत आणि उजव्या हाताला झेरॉक्स ठेवून एकेक कागद जुळवतात. क्रम चुकला की रांगेतल्या सगळ्यांचाच वेळ जातो. पावसाचे दिवस आहेत, तेव्हा मूळ प्रतींचा फोल्डर झाकणाचा आणि प्लास्टिकचा असावा. गुणपत्रिका लॅमिनेट मात्र करू नयेत.

प्रत्येक झेरॉक्स ए-फोर आकाराच्या कागदावर, एकाच बाजूला काढलेली असावी आणि तिच्यावर विद्यार्थ्याने स्वतः सही करून तारीख घालावी. सही निळ्या शाईने केल्यास ती छापील सहीपासून लगेच वेगळी ओळखू येते.

१. सर्वात वर ऑनलाइन भरलेल्या प्रवेश अर्जाची छापील प्रत ठेवावी. तिच्यावर विद्यार्थी आणि पालक या दोघांच्या सह्या हव्यात. ही प्रत जमा होईल.

२. बारावीची गुणपत्रिका : मूळ प्रत दाखवावी, दोन झेरॉक्स जमा कराव्यात. संकेतस्थळावरून काढलेला निकाल मूळ गुणपत्रिका म्हणून चालणार नाही.

३. दहावीची गुणपत्रिका : मूळ प्रत दाखवावी, एक झेरॉक्स जमा करावी.

४. कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला : हा कागद मूळ स्वरूपातच आमच्याकडे जमा होतो, त्यामुळे तो झेरॉक्स प्रतींच्या फोल्डरमध्ये चौथ्या जागी ठेवावा. तो देण्यापूर्वी त्याच्या किमान तीन झेरॉक्स काढून घराच्या कपाटात ठेवाव्यात, कारण पुढे शिष्यवृत्तीसाठी किंवा जात पडताळणीसाठी त्या लागतात. दाखल्यावरचे स्वतःचे, वडिलांचे व आईचे नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद गुणपत्रिकेशी व जातीच्या दाखल्याशी ताडून पाहावी. ‘दीपाली’ आणि ‘दिपाली’ एवढा ऱ्हस्व-दीर्घाचा फरकसुद्धा पुढे अडचणीचा ठरतो, आणि ज्या कनिष्ठ महाविद्यालयाने दाखला दिला, तिथूनच तो दुरुस्त करून घेणे सर्वात सोपे असते.

५. आधार कार्ड : मूळ दाखवावे, एक झेरॉक्स जमा करावी.

६. आरक्षित प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्यांनी इथे जातीचा दाखला, त्यामागे जात वैधता प्रमाणपत्र आणि त्यामागे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र लावावे. तिन्हींच्या मूळ प्रती दाखवाव्यात आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स जमा कराव्यात. अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना नॉन-क्रिमीलेयर लागत नाही. इतरांनी त्यावरची मुदत नीट वाचावी, ती ३१ मार्च २०२७ पर्यंत असायला हवी. मुदत संपत आलेली असेल तर यादीची वाट न पाहता आजच सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज करावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून येणाऱ्यांनी याच जागी त्या घटकाचे चालू आर्थिक वर्षाचे प्रमाणपत्र ठेवावे.

७. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणार असाल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मूळ दाखवावा व त्याची एक झेरॉक्स जमा करावी. सोबत बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडावी. महाडीबीटीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते, म्हणून ती जोडणी झाली आहे का, हे बँकेत आधीच विचारून घ्यावे.

८. महाराष्ट्र राज्य मंडळाखेरीज अन्य मंडळातून बारावी झालेल्यांनी स्थलांतर प्रमाणपत्राची मूळ प्रत दाखवून तिची झेरॉक्स द्यावी. विद्यापीठाच्या पात्रता अर्जासाठी मूळ प्रत नंतर मागितली जाईल. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र मूळ स्वरूपातच जमा करावे.

९. antiragging.in या संकेतस्थळावर भरलेल्या हमीपत्राची छापील प्रत जमा करावी.

१०. शेवटी, मागे नाव लिहिलेले पासपोर्ट आकाराचे चार फोटो छोट्या पाकिटात घालून द्यावेत. फोटोंना स्टेपलर मारू नये.

एखादा कागद हाती आलेला नसेल तर काउंटरवर लपवू नये. त्यासाठी केलेल्या अर्जाची पोचपावती त्या कागदाच्या जागी ठेवावी. लिपिक त्यावरून मुदतीचे हमीपत्र लिहून घेतील, मात्र बारावीची गुणपत्रिका आणि कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला यांना ही सवलत नाही. पडताळणी झाल्यावर काउंटर सोडण्यापूर्वी मूळ प्रती मोजून घ्याव्यात आणि जमा दाखल्याची नोंद असलेली, शिक्का मारलेली पावती घेऊनच शेजारच्या शुल्क काउंटरवर जावे.