देसाई सरांचे मानधन-पत्र, पुन्हा लिहिलेले

संजू,

देसाई सरांना पाठवायचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. रक्कम बरोबर आहे, एका पैशाची चूक नाही. पण हे पत्र गेले असते तर सरांनी मला फोन केला असता. किंवा केलाच नसता, आणि ते जास्त वाईट. मानधनाबद्दल दुसऱ्यांदा विचारायला कुठल्याही भल्या माणसाला जड जाते. मनात ठेवतात, आणि पुढच्या वर्षी बोलावले की "तब्येत बरी नाही" म्हणतात.

तुझा मजकूर खाली तसाच ठेवलाय, कुठे काय बदलले ते कळावे म्हणून.

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण आमच्या संस्थेत दिलेल्या व्याख्यानांबद्दल आपणांस देय असलेले मानधन शासकीय नियमानुसार आवश्यक ती कपात करून रु. ३०,४००/- इतके आपल्या बँक खात्यावर लवकरच जमा करण्यात येईल. तरी सदर रकमेची रेव्हेन्यू तिकीट लावलेली पोच पावती उलट टपाली पाठवून सहकार्य करावे, ही विनंती. कळावे."

जुन्या फायलीतून उचललेस हे दिसतेच. त्या फायलीतली निम्मी पत्रे माझीच, तेव्हा दोष तुला देत नाही.

आता बघ. ठरले होते ३६,०००, मिळणार ३०,४००. मधले ५,६०० कुठे गेले? माणूस मनात दहा टक्के धरतो, ते होतात ३,६००. उरलेले दोन हजार आपण खाल्ले असे कुणी तोंडावर म्हणणार नाही, पण हिशेब तर करणारच. दुसरे, "शासकीय". आपल्याकडे हा शब्द लिहिला की समोरचा पहिल्यांदा विचारतो, कुठले शासन? सर गडहिंग्लजचे, आपण बेळगावचे. कर्नाटकाने काहीतरी कापून घेतले असा समज व्हायला कितीसा वेळ? आयकर केंद्राचा, शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे दर एकच. तेव्हा सरळ "आयकर" लिहायचे. आणि "लवकरच" या शब्दाला तर तारीखच नसते. पाच वर्षांपूर्वीच्या एका वक्त्याचे "लवकरच" आपल्याकडे साडेतीन महिन्यांचे झाले होते, ती फाईलही तिथेच आहे.

पावतीही काढून टाकली. पैसे बँकेतून जाणार, नोंद दोन्हीकडे राहणार. सत्तरीच्या माणसाला रुपयाच्या तिकिटासाठी पोस्टात कशाला पाठवायचे?

नवे पत्र असे :

बेळगाव,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

विषय : ५ ते ७ डिसेंबरच्या व्याख्यानांचे मानधन, कापलेला आयकर आणि रक्कम जमा होण्याची तारीख

मा. देसाई सर,
सप्रेम नमस्कार.

सोमवार, १५ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या बचत खात्यात ३०,४०० रुपये (अक्षरी तीस हजार चारशे रुपये) जमा होतील. खात्याचे शेवटचे चार अंक ४४१७, शाखा गडहिंग्लज. रक्कम वाचनालयाच्या खात्यातून एनईएफटीने पाठवली जाईल.

हिशेब असा :

तीन व्याख्यानांचे मानधन, प्रत्येकी १२,००० : ३६,००० रुपये
कापलेला आयकर (टीडीएस) : ५,६०० रुपये
खात्यात जमा होणारी रक्कम : ३०,४०० रुपये

३६,००० चे दहा टक्के ३,६०० होतात, मग ५,६०० का कापले, हे सांगणे आमचे काम आहे. जुलैमध्ये आपण आमच्याकडे शिक्षकांची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. तिचे २०,००० रुपये २१ जुलैला आम्ही काहीही न कापता पूर्ण दिले. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला दिलेले असे मानधन एकूण ५०,००० रुपयांच्या वर जात नसेल, तर आयकर कायद्याच्या कलम १९४-जे प्रमाणे कर कापावा लागत नाही. (ही मर्यादा आधी ३०,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली.) डिसेंबरची रक्कम धरून आपले या वर्षाचे मानधन ५६,००० झाले आणि मर्यादा ओलांडली गेली. एकदा ओलांडली की फक्त वरच्या ६,००० वर कर कापून चालत नाही, सगळ्या ५६,००० वर कापावा लागतो. त्याचे दहा टक्के ५,६००. म्हणजे यातले ३,६०० आताच्या व्याख्यानांचे आणि २,००० जुलैच्या कार्यशाळेचे.

जुलैमध्ये डिसेंबरचा कार्यक्रम ठरलेला नव्हता, म्हणून तेव्हा कापले नाहीत. पण नोव्हेंबरमध्ये तारखा पक्क्या करताना हे आपल्या कानावर घालायला हवे होते. ते आमच्याकडून राहिले, त्याबद्दल दिलगीर आहे.

हे ५,६०० रुपये वाचनालयाकडे राहत नाहीत. ७ जानेवारी २०२६ पर्यंत ते आपल्या पॅनवर सरकारजमा होतील. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे टीडीएस विवरणपत्र आम्ही ३१ जानेवारीपर्यंत भरू. त्यानंतर ही रक्कम आपल्या २६एएस मध्ये दिसू लागेल. फॉर्म १६ए आपल्याला १५ फेब्रुवारीपर्यंत ईमेलने मिळेल आणि छापील प्रत टपालाने येईल. २०२६-२७ या कर निर्धारण वर्षाचे विवरणपत्र भरताना ५६,००० रुपये उत्पन्नात दाखवावेत आणि ५,६०० भरलेल्या करात धरावेत. आपला एकूण कर त्याहून कमी निघाला तर वरची रक्कम परताव्याने मिळते.

रविवारी निघताना आपण "बँकेत देतो तसा १५एच देऊ का?" असे विचारले होते. मी तेव्हा "विचारून सांगतो" म्हणालो. आमच्या सीएंना विचारले. १५एच ठेवीवरच्या व्याजासारख्या ठरावीक उत्पन्नांसाठी चालतो, कलम १९४-जे च्या मानधनाला चालत नाही. त्यामुळे तो पाठवण्याची तसदी घेऊ नये. पॅनची प्रत आपण जुलैतच दिली होती आणि पॅन आधारशी जोडलेला आहे, म्हणून दर दहा टक्के लागला. तसे नसते तर वीस टक्के कापावे लागले असते.

गडहिंग्लजहून येण्याजाण्याची गाडी आणि टिळकवाडीतला तीन रात्रींचा मुक्काम यांचे पैसे वाचनालयाने परस्पर दिले आहेत. ते वरच्या हिशेबात कुठेही नाहीत आणि आपल्या मानधनातून कापलेले नाहीत. परत जाताना आपण वाटेत स्वतः टोल दिला, असे चालकाने सांगितले. त्याची चिठ्ठी असेल तर तिचा फोटो पाठवावा, नसेल तरी रक्कम कळवावी. ती मी वेगळी पाठवतो.

सोमवारच का, तर आमच्या खात्याला दोन सह्या लागतात. खजिनदार शुक्रवारी संध्याकाळी गावाहून परततात, १३ तारखेला दुसरा शनिवार असल्याने बँक बंद, पुढे रविवार. सोमवारी सकाळी शाखा उघडताच कागद आत जातील. खाते बदलायचे असेल किंवा वरचे चार अंक जुळत नसतील, तर शुक्रवार, १२ डिसेंबरच्या दुपारपर्यंत मला फोन करावा. सगळे बरोबर असेल तर आपल्याला काहीच करायचे नाही, पावतीही पाठवायची नाही.

आभाराचे पत्र समितीकडून वेगळे येईल, त्यात पैशाचा विषय नको म्हणून हे आधी लिहिले. तरी एक सांगतो. "तूप" कानडीतून मराठीत आले हे आपण सांगितल्यापासून आमच्या घरी ताटावर बसले की नातू प्रत्येक पदार्थाचे मूळ गाव विचारतो. परवा वरणावर अडला होता.

आपला,
कार्यवाह, व्याख्यानमाला समिती
बेळगाव

पत्र इथे संपले. नातवाचे वाक्य काढायचे म्हणशील, कार्यालयीन पत्रात शोभत नाही म्हणून. राहू दे. सर तिसऱ्या दिवशी त्याच्याशी अर्धा तास बोलत बसले होते, त्यांना आवडेल. ऑडिटरला दाखवायच्या प्रतीत राहिले तरी बिघडत नाही, ऑडिटर हिशेब बघतो.

दिलगिरीचा परिच्छेद मात्र कुणी काढ म्हटले तरी काढायचा नाही. खजिनदार म्हणतील की आपली कायद्याने चूक नाही, मग दिलगिरी कशाला? कायद्याने नाहीच. पण ३६,००० म्हणून बोलावले आणि हातात ३०,४०० ठेवले, तर आधी न सांगणे ही चूक आपलीच की.

लेटरहेडवर छापून घे, दुपारी माझी सही घेऊन जा. पीडीएफ आजच व्हॉट्सॲपवर पाठव आणि मूळ प्रत पोस्टाने. व्हॉट्सॲपवर पाठवताना वर नुसते "सर, मानधनाचा तपशील जोडला आहे" एवढेच. रक्कम तिथे लिहू नकोस, त्यांचा फोन घरातली पोरेही घेऊन बसतात.

सोमवारी बँकेतून बाहेर पडलास की त्यांना हे पाठव, माझी वाट बघू नकोस :

"नमस्कार सर. १० डिसेंबरच्या पत्राप्रमाणे ३०,४०० रुपये आज आपल्या ४४१७ या खात्यावर एनईएफटीने पाठवले. बँकेच्या पावतीचा फोटो जोडला आहे, यूटीआर क्रमांक त्यात आहे. संध्याकाळपर्यंत जमा दिसले नाहीत तर कृपया कळवावे, मी बँकेत विचारतो. – संजू, वाचनालय"

यूटीआर हाताने उतरवू नकोस, एवढ्या लांब क्रमांकात एखादे शून्य ओ होऊन बसते. फोटोच पाठव. आणि ७ जानेवारीचे चलन माझ्या डायरीत लिहून ठेवलेय, तूही तुझ्यात लिहून ठेव.

– अण्णा