जुन्या विहिरीमागील वस्तीत साचलेले पाणी व डासांचा प्रादुर्भाव : आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार

दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
महानगरपालिका, आरोग्य विभाग

विषय : प्रभाग क्र. ९, जुन्या विहिरीमागील वस्तीत गटार व अर्धवट बांधकामात साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होत असल्याबाबत तातडीने कार्यवाही होणेबाबत.

महोदय,

आम्ही वरील वस्तीतील रहिवासी हा अर्ज देत आहोत. पावसाळा सुरू झाल्यापासून वस्तीत पाणी दोन ठिकाणी साचून आहे आणि दोन्ही ठिकाणी डासांच्या अळ्या उघड्या डोळ्यांनी दिसतात. वस्तीत तापाचे रुग्ण वाढले आहेत. गल्ली क्र. २ मधील एका शाळकरी मुलीची आणि तिच्या शेजारच्या घरातील एका गृहस्थांची डेंग्यूची एनएस१ चाचणी खासगी प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आली. दोघांच्याही अहवालांच्या प्रती त्यांच्या संमतीने सोबत जोडल्या आहेत. सरकारी दवाखान्यात न जाता घरीच गोळ्या घेऊन ताप अंगावर काढणारी माणसे आमच्याकडे बरीच आहेत. त्यामुळे आपल्या दप्तरी आमच्या वस्तीचा आकडा लहान दिसत असेल, तर त्यावरून इथली परिस्थिती ठरवू नये ही विनंती.

पहिले ठिकाण गल्लीच्या टोकाचे पावसाळी गटार. मागील वर्षी रस्त्याचे काँक्रिटीकरण झाले तेव्हा चेंबरचे तोंड रस्त्याच्या पातळीपेक्षा वर राहिले. उतार चेंबरच्या उलट दिशेला गेल्यामुळे पाणी चेंबरपर्यंत पोहोचतच नाही. ते भिंतीच्या कडेने पसरून थांबते, त्यात घरांचे सांडपाणी मिसळते आणि प्लास्टिक पिशव्यांचा थर साचतो. गटार साफ केले की दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. सफाई कामगार बिचारे आपले काम करून जातात. दोष उताराचा आहे आणि तो झाडूने दुरुस्त होणारा नाही. अशा घाण पाण्यात क्यूलेक्स जातीचे डास वाढतात, रात्रभर चावतात आणि हत्तीरोग पसरवण्याची क्षमता बाळगतात.

दुसरे ठिकाण आम्हाला त्याहून गंभीर वाटते. गल्ली क्र. २ च्या मागे एका इमारतीचे बांधकाम अर्धवट थांबले आहे. तळघरासाठी खणलेला खड्डा पावसाच्या पाण्याने भरला असून पाणी वरून स्वच्छ दिसते. एका पांढऱ्या वाटीत ते घेऊन पाहिले, तेव्हा पृष्ठभागाला शेपटीने लटकलेल्या बारीक अळ्या दिसल्या. वाटीवर हाताची सावली पडताच सगळ्या वळवळत तळाशी गेल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा वर आल्या. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे कोषही होते, म्हणजे त्यांतून डास उडायला एक-दोन दिवसच उरले होते. घरांत दिवसा चावणाऱ्या डासांच्या पायांवर पांढरे पट्टे आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असाच असतो आणि तो मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिसलाही असे पाणी चालते. खड्ड्याच्या कडेला टाकलेले टायर, रंगाचे रिकामे डबे आणि सळ्यांवर पसरलेली ताडपत्री यांतही पाणी साचले आहे. या सगळ्याची छायाचित्रे तारखेसह जोडली आहेत.

वस्तीतून धूर फवारणीची गाडी संध्याकाळी येऊन गेली, याची आम्हाला जाणीव आहे आणि त्याबद्दल आभारही आहेत. परंतु धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातील अळ्यांना त्याने काही होत नाही. अंड्यापासून डास तयार व्हायला या हवामानात साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे पाणी तसेच राहिले तर पुढची पिढी लगेच हजर होते. शिवाय एडिस घरात पलंगाखाली, पडद्यामागे, कपड्यांआड बसतो. गाडी रस्त्यावरून जाते तेव्हा धूर बंद दारांपाशीच थांबतो. एडिस फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा काही शे मीटरच्या आतच राहतो. म्हणूनच आमच्या घरांत येणारे डास या खड्ड्यातूनच येत असावेत असे आम्ही ठामपणे म्हणतो आणि मूळ ठिकाण बंद व्हावे असा आग्रह धरतो.

आमची विनंती अशी की आपल्या हिवताप विभागाचे कर्मचारी पाठवून दोन्ही ठिकाणी अळ्यांची तपासणी करावी व पंचनामा करावा. तळघरातील पाणी पंपाने उपसून टाकावे. उपसण्यास वेळ लागणार असेल तर तोवर त्यात अळीनाशक टाकावे, जिथे शक्य आहे तिथे गप्पी मासे सोडावेत. गटारातील घाण पाण्यावर अळीनाशक तेलाची फवारणी दर आठवड्याला व्हावी. एकदा करून सोडून दिल्यास काही उपयोग नाही. जागामालक आणि ठेकेदार यांना डासोत्पत्तीबाबत नोटीस बजावून खड्डा बुजवण्याची किंवा पाण्याचा निचरा करण्याची मुदत ठरवून द्यावी. त्यांनी मुदतीत काम केले नाही, तर महापालिकेने ते करून खर्च त्यांच्याकडून वसूल करावा.

उताराचे काम बांधकाम विभागाचे आहे, हे आम्हाला सांगण्यात येते. बांधकाम विभाग गटार मलनिस्सारणाकडे असल्याचे सांगतो आणि खड्डा खासगी असल्याने दोघांचाही संबंध राहत नाही. या फेऱ्यात आजार मात्र आमच्या घरी येतो. आजाराची नोंद आपल्या विभागाकडे होते, म्हणून आपणच या तिन्ही विभागांची एकत्र जागापाहणी लावावी, अशी आमची सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. पाहणीच्या दिवशी आमच्यापैकी कोणीतरी हजर राहील आणि जागा दाखवील.

तसेच आशा सेविकांमार्फत वस्तीत घरोघरी ताप सर्वेक्षण व्हावे आणि ताप असलेल्यांचे रक्तनमुने घ्यावेत. गल्ली क्र. २ मध्ये दोन गरोदर महिला आहेत आणि अंगणवाडी याच खड्ड्याच्या भिंतीला लागून आहे. लहान मुले दुपारी तिथेच झोपतात, आणि एडिस मुख्यतः दिवसा चावतो. म्हणून सुरुवात तिथून व्हावी.

आमच्या बाजूने काय करतो आहोत तेही सांगतो. दर रविवारी वस्तीत कोरडा दिवस पाळायला सुरुवात केली आहे. टाक्या, ड्रम, कूलर आणि फ्रीजच्या मागचे भांडे रिकामे करून घासून कोरडे केले जाते. घासणे यासाठी की एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि पाणी नसतानाही महिनोन्‌महिने टिकतात. ज्या टाक्या रिकाम्या करता येत नाहीत त्यांवर कापड बांधले आहे. हे आम्ही चालू ठेवू. पण तळघराइतका मोठा खड्डा आणि रस्त्याचा उतार रहिवाशांच्या आवाक्याबाहेर आहे.

पुढील पावसाची सर येण्याआधी पाणी उपसले जावे, आणि कोणते काम कोणत्या तारखेला होईल हे आठ दिवसांत लेखी कळवावे. संपर्कासाठी क्रमांक सह्यांच्या पहिल्या पानावर दिला आहे. अर्जाची पोच शिक्क्यासह मिळावी.

कळावे,

आपले विश्वासू,
जुन्या विहिरीमागील वस्तीचे रहिवासी
(सह्यांची पाने सोबत)

सोबत : छायाचित्रे, दोन तपासणी अहवालांच्या प्रती, जागेचा हाताने काढलेला नकाशा, रहिवाशांच्या सह्या

प्रत माहितीस्तव व आवश्यक कार्यवाहीसाठी :
मा. प्रभाग अधिकारी, प्रभाग क्र. ९
मा. कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग
मा. कार्यकारी अभियंता, मलनिस्सारण विभाग